त्वष्टा, तक्ष् आणि लोहाराचा भाता

प्रश्न : ऋग्वेदात इंद्राचं वज्र त्वष्ट्याने ‘ततक्ष’ असं आहे. तक्ष् म्हणजे तासणे, आणि तासतो तो सुतार. मग त्वष्ट्याला देवांचा लोहार म्हणतात ते बरोबर आहे का? आणि लोहाराची भट्टी, भाता वगैरे वेदात प्रतीक म्हणून कुठे येतात का?

उत्तर : ‘देवांचा कारागीर’ म्हणा, ‘लोहार’ म्हणू नका, असं माझं मत. ऋग्वेदात लोहाराला वेगळा शब्द आहे, कर्मार, आणि तो त्वष्ट्याला लावलेला नाही. भट्टी वेदात नक्की आहे, पण ती शस्त्राच्या गोष्टीत सापडत नाही. ती सृष्टीच्या उत्पत्तीच्या सूक्तांत आहे, आणि प्रश्नातला खरा रस मला तिथेच वाटतो.

आधी ‘ततक्ष’. तुम्ही म्हणता ती ओळ पहिल्या मंडलातल्या बत्तिसाव्या सूक्तातली : ‘त्वष्टास्मै वज्रं स्वर्यं ततक्ष’. मराठीतलं ‘तासणे’ याच धातूच्या घरातलं, तक्षन् म्हणजे सुतार, तेव्हा तुमचा तर्क सरळ आहे. त्याला बळ देणारी आणखी एक ओळ पाचव्या मंडलात आहे (५.३१.४) : ‘अनवस्ते रथमश्वाय तक्षन् त्वष्टा वज्रम्’. अनू लोकांनी घोड्यासाठी रथ घडवला आणि त्वष्ट्याने वज्र. क्रियापद एकदाच आलंय, ते दोघांना पुरतं. रथ लाकडाचा, रथकाराचं काम. त्याच कामाच्या पंगतीत कवी वज्राला बसवतो.

पण इथे थोडं थांबायला हवं. हाच धातू ऋषी स्वतःच्या कामालाही लावतात. ‘रथं न धीरः स्वपा अतक्षम्’ (५.२.११), कुशल कारागिराने रथ घडवावा तसं मी हे स्तोत्र घडवलं. स्तोत्र काही वाकसाने तासत नाहीत. म्हणजे ऋग्वेदाच्या काळीच तक्ष् लाकडापुरता उरला नव्हता, कसबाने घडवण्याच्या कुठल्याही कामाला तो चालत होता. शिवाय हे वज्र ‘आयस’ आहे, अयस् या धातूचं, असं त्याच ग्रंथात दुसरीकडे स्पष्ट म्हटलंय. तेव्हा ‘ततक्ष’वरून त्वष्ट्याला सुतार ठरवणंही घाईचं होईल. खुद्द निरुक्तकार यास्काचार्य ‘त्वष्टा’ची व्युत्पत्ती देताना तीन पर्याय ठेवतात : झटकन व्यापणारा, तेजाने झळकणारा, आणि त्वक्ष् म्हणजे ‘करणे’ या धातूवरून, करणारा. तिन्हींत लाकूडही नाही आणि लोखंडही.

अयस् म्हणजे लोखंड असं आपण सहज धरून चालतो, तेही तपासून घ्यावं. रुद्राचं आवर्तन घरी ऐकलं असेल तर चमकातली ही ओळ कानावर असेल : ‘हिरण्यं च मेऽयश्च मे सीसं च मे त्रपुश्च मे श्यामं च मे लोहं च मे’. सोनं, अयस्, शिसं, कथील, श्याम आणि लोह. अयस्, श्याम आणि लोह हे तीन इथे वेगवेगळे मागितले आहेत. श्याम म्हणजे काळा धातू, तेच लोखंड. आणि लोह हा मुळात ‘लाल’ या अर्थाचा शब्द, म्हणजे तांबं. ऋग्वेद याहून जुना. त्यातलं अयस् बहुधा तांबं किंवा कांसं असावं असं अभ्यासक मानतात. मग वज्राला ‘लोखंडी’ म्हणणं हे आपल्या काळाचं भाषांतर होतं. शस्त्राला ‘पाणी पाजणं’ किंवा ‘पाणीदार’ तलवार हेही पोलादाच्या काळाचे शब्द. कांसं तापवून पाण्यात बुडवलं तर पोलादासारखं कडक होत नाही. ऋग्वेदात वज्राला पाणी कोणी पाजत नाही, इंद्र ते परजतो : ‘शिशीते वज्रं तेजसे न वंसगः’ (१.५५.१), पोळाने शिंगं घासावीत तसं.

पुढच्या ग्रंथांत सामग्री बदलते, पण घडवण्याची तऱ्हा तीच राहते. महाभारताच्या वनपर्वात वज्र दधीचीच्या हाडांचं आहे. हाड वितळवत नाहीत, कोरतात. विष्णुपुराणात तर अग्नीचा गोळाच हाताशी आहे, तरी भट्टी पेटत नाही. विश्वकर्म्याची मुलगी संज्ञा हिला नवऱ्याचं, सूर्याचं तेज सोसेना, म्हणून विश्वकर्म्याने जावयाला ‘भ्रमि’वर, म्हणजे चरकावर, चढवलं आणि त्याच्या तेजाचा काही भाग कातून काढला. त्या पडलेल्या कपच्यांतून विष्णूचं चक्र, शंकराचा त्रिशूळ, कार्तिकेयाची शक्ती झाली. कातारी लाकूड कातताना करतो तेच हे काम. त्वष्टा काय, विश्वकर्मा काय, आपल्याकडचा दैवी शस्त्रकार असा वस्तूतला फाजील भाग काढून आकार बाहेर आणणारा आहे.

आता भट्टी. नवव्या मंडलात एक गमतीदार सूक्त आहे (९.११२), ज्याचा त्याचा धंदा निराळा असं सांगणारं. सुताराला काहीतरी मोडलेलं हवं असतं, वैद्याला दुखणाईत हवा असतो. तिथे लोहार येतो : ‘जरतीभिरोषधीभिः पर्णेभिः शकुनानाम् । कार्मारो अश्मभिर्द्युभिर्हिरण्यवन्तमिच्छति’. वाळकं जळण, पक्ष्यांची पिसं, दगड, ज्वाळा एवढा सरंजाम घेऊन कर्मार सोनं बाळगणाऱ्या गिऱ्हाइकाची वाट पाहतोय. पिसं कशाला? या वाचनाप्रमाणे विस्तवाला वारा घालायला, पंखाच्या पंख्यासारखी. वेदांचे भाष्यकार सायणाचार्य मात्र ही ओळ बाण करणाऱ्याची मानतात : वाळक्या काड्यांचे दांडे, त्यांना लावायची पिसं, पातं परजायला चकचकीत दगड. दोन्ही अर्थ बसतात. गंमत म्हणजे मराठीत ‘भाता’ हा एकच शब्द लोहाराच्या फुंकण्याला आणि बाण ठेवण्याच्या पिशवीला आहे. दोन्ही मुळात चामड्याची पिशवी, संस्कृत भस्त्रा. भस्त्रिका प्राणायाम त्यातलाच.

मी इथे भट्टीचा अर्थ पत्करतो, त्याचं कारण दहाव्या मंडलातलं विश्वकर्म्याचं सूक्त. त्यातली ‘विश्वतश्चक्षुरुत विश्वतोमुखो’ ही ऋचा मंत्रपुष्पांजलीला जोडून पुष्कळ ठिकाणी म्हणतात, त्यामुळे शब्द ओळखीचे असतील. तिचा दुसरा अर्धा नीट ऐका : ‘सं बाहुभ्यां धमति सं पतत्रैर्द्यावाभूमी जनयन्देव एकः’. तो एकटा देव द्यावापृथिवी जन्माला घालताना दोन हातांनी आणि पंखांनी ‘सं धमति’. धम् म्हणजे फुंकणे. गीतेत भीष्म ‘शङ्खं दध्मौ’, तो हाच धातू. शंखाला जे फुंकणं, तेच धातू गाळायलाही, आणि यामागे कामाचं साधं कारण आहे. तांबं वितळायला सुमारे १०८५ अंश सेल्सिअस तापमान लागतं. नुसतं लाकूड पेटवून ठेवलं तर धातू लाल होऊन बसतो. कोळशाला सतत वारा मिळाला तरच तो ओघळतो. गाळणाऱ्याचं सगळं काम वाऱ्यावर अवलंबून, म्हणून भाषेने त्या कामाला ‘फुंकणे’ हेच नाव दिलं. नवव्या मंडलातला पक्ष्याचा पंख हातात असलेला कर्मार एकदा डोळ्यांपुढे आला की विश्वकर्म्याचे हात आणि ‘पतत्र’ कशाला आहेत ते उलगडतं.

आणि लगेच पुढची ऋचा विचारते : ‘किं स्विद्वनं क उ स वृक्ष आस यतो द्यावापृथिवी निष्टतक्षुः’. ते कुठलं वन होतं, कुठला वृक्ष होता, ज्यातून त्यांनी द्यावापृथिवी तासून काढली? एका ऋचेत देव लोहार, दुसरीत सुतार. कवीचा गोंधळ झालाय असं मला वाटत नाही. उपसर्ग पाहा : फुंकण्याला ‘सम्’ लागलाय, तासण्याला ‘निः’. भट्टीत वस्तू एकत्र येतात, तासणीत एकीतून दुसरी बाहेर निघते. जग कसं झालं असेल याचे हे दोन तर्क कवीने शेजारी ठेवले आहेत.

हाच ‘सम्’ दहाव्या मंडलाच्या बहात्तराव्या सूक्तात परत येतो : ‘ब्रह्मणस्पतिरेता सं कर्मार इवाधमत् । देवानां पूर्व्ये युगेऽसतः सदजायत’. देवांचे जन्म ब्रह्मणस्पतीने लोहारासारखे फुंकून एकत्र आणले. असत्‌मधून सत् झालं. चौथ्या मंडलातही (४.२.१७) ‘अयो न देवा जनिमा धमन्तः’, अयस् गाळावं तसे जन्म गाळणारे, असं म्हटलंय. तीन जागी लोहाराचं फुंकणं, आणि तिन्हींत जन्माशी संबंधित शब्द : जनयन्, अजायत, जनिमा. ब्रह्मणस्पती तर मंत्राचा स्वामी. त्याचं फुंकणं म्हणजे श्वास आणि उच्चारच. म्हणून वैदिक भट्टीचा अर्थ मी ‘श्वासाने जोडून आकाराला आणणं’ असा लावतो. शौर्य, पराक्रम हे अर्थ तिला आपण मागाहून चिकटवतो.

ग्रीकांकडे या दोन गोष्टी एकाच छपराखाली आहेत. इलियडच्या अठराव्या सर्गात हेफेस्टस अकिलीजसाठी ढाल करायला बसतो तेव्हा वीस भाते आपापले फुंकायला लागतात, आणि ढालीवर तो पहिल्यांदा पृथ्वी, आकाश आणि समुद्र काढतो. वीराचं आयुध आणि अख्खं जग एकाच ऐरणीवरून उतरतात. आपल्याकडे ते वेगळे ठेवले आहेत, हा फरक लक्षात घेतला नाही तर त्वष्ट्याला ‘भारतीय हेफेस्टस’ म्हणण्याचा मोह होतो.

त्वष्ट्याच्या गोष्टीत अग्नी एकदा ठळकपणे येतो, आणि त्यातून शस्त्र बाहेर पडत नाही. तैत्तिरीय संहितेत (२.५.२) इंद्राने त्याचा मुलगा विश्वरूप मारलेला आहे. त्वष्टा उरलेला सोम आहवनीय अग्नीत घालतो, ‘स्वाहेन्द्रशत्रुर्वर्धस्व’ म्हणतो, आणि वृत्र उभा राहतो. ‘यदवर्तयत् तद्वृत्रस्य वृत्रत्वम्’, त्याने ‘अवर्तयत्’, म्हणजे वळवलं, म्हणून तो वृत्र, अशी नावाची फोडही तिथेच दिली आहे. मंत्रातला स्वर चुकला, ‘इंद्राचा शत्रू’ऐवजी ‘इंद्र ज्याचा शत्रू’ असा अर्थ झाला आणि वृत्रच मेला, हे व्याकरणवाल्यांचं आवडतं उदाहरण. मला त्यातलं क्रियापद जास्त महत्त्वाचं वाटतं. ऋग्वेदात (१.८५.९) सहस्र टोकांचं वज्र त्वष्ट्याने कसं केलं? ‘अवर्तयत्’. शस्त्र आणि त्या शस्त्राने मरणारा, दोघांनाही तोच कारागीर आणि तेच क्रियापद.

आता मराठीत लिहिताना काय वापरावं. पांचाळ परंपरेत विश्वकर्म्याचे पाच पुत्र सांगतात : मनू लोहार, मय सुतार, त्वष्टा तांब्या-पितळेचं काम करणारा, शिल्पी पाथरवट आणि विश्वज्ञ सोनार. महाराष्ट्रातला त्वष्टा कासार समाज हे नाव आजही लावतो. अयस् म्हणजे तांबं-कांसं असेल, तर त्वष्ट्याचं नाव कासारांकडे असणं वैदिक शब्दाला ‘लोहार’पेक्षा जवळचं आहे. वैदिक संदर्भात ‘त्वष्टा, देवांचा कारागीर’ लिहावं, चक्र-त्रिशुळाची गोष्ट सांगताना ‘विश्वकर्मा’. ‘देवांचा लोहार’ लिहायचंच असेल तर ते ब्रह्मणस्पतीसाठी राखून ठेवा. त्याला ‘कर्मार इव’ खुद्द ऋचेनेच म्हटलंय.