मावा, बीपीची गोळी आणि तीन वर्षांचा हिशेब

प्रश्न : मार्च 2024 मध्ये एक कोटीचा टर्म प्लॅन घेतला, हप्ता वर्षाला 16,200. फॉर्म साडूनं भरला, तो एजंट आहे. 2021 पासून मला बीपीची गोळी चालू आहे आणि मावा खातो. साडू म्हणाला, ‘कशाला लिहायचं, हप्ता वाढतोय.’ यंदा मार्चचा हप्ता चुकला, जुलैत दंड भरून पॉलिसी परत चालू केली. आता कळतंय की तीन वर्षं झाली की कंपनीला काही विचारता येत नाही. मग मार्च 2027 पर्यंत गप्प बसू की आत्ताच कळवून मोकळा होऊ? वय 39, शिरोलीला छोटं मशीन शॉप, गृहकर्ज 28 लाख बाकी, दोन मुलं शाळेत. (नोव्हेंबर 2025, कोल्हापूर)

उत्तर : तुमच्या हिशेबात पहिली चूक तारखेची आहे. ती दुरुस्त केली की निम्मा प्रश्न तिथंच सुटतो.

तुम्ही ऐकलंय ते खरं आहे. विमा कायदा 1938 चं कलम 45 हे 2015 मध्ये बदललं. तेव्हापासून आयुर्विम्याच्या पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली की कंपनीला तिच्यावर कुठल्याही कारणानं बोट ठेवता येत नाही. पण ही तीन वर्षं कधीपासून धरायची, तेही त्याच कलमात लिहिलंय : पॉलिसी दिली ती तारीख, जोखीम सुरू झाली ती, पॉलिसीचं पुनरुज्जीवन झालं ती, किंवा रायडर म्हणजे मूळ पॉलिसीला जादा कव्हर जोडलं ती. यातली जी सर्वांत शेवटची, ती धरायची. तुमची पॉलिसी जुलै 2025 मध्ये परत जिवंत झाली. म्हणजे मुदत मार्च 2027 ला नाही, जुलै 2028 ला संपते. तुम्ही सोळा महिने कळ काढायला निघाला होता, प्रत्यक्षात बत्तीस महिने आहेत.

शिवाय जुलैत तुम्ही नुसता दंड भरला नसणार. बंद पडलेली पॉलिसी चालू करताना प्रकृतीचं निवेदन घेतात, ‘माझी तब्येत उत्तम आहे, औषध चालू नाही’ अशा धर्तीचं. कागदावर सही नसेल तर मोबाईलवर आलेला ओटीपी सांगितला असेल, तीच सही. म्हणजे मार्च 2024 ला जी गोष्ट एकदा लपली, ती जुलैत दुसऱ्यांदा लपली. पहिल्या वेळी ‘साडूनं भरलं, मी वाचलंच नाही’ असं म्हणायला थोडी तरी जागा होती. दुसऱ्या वेळी ती जागा बरीच अरुंद होते.

यात एवढं काय बिघडलं, असं वाटत असेल तर मार्केट यार्डात गुळाचा सौदा आठवा. व्यापारी रवा फोडून बघतो, रंग बघतो, खडा जिभेवर ठेवतो आणि मग बोली लावतो. फसला तर त्याचा तो फसला. विमा कंपनीला तुमचा रवा फोडता येत नाही. तुम्ही आतून कसे आहात हे फक्त तुम्हाला माहीत असतं आणि तुमच्या शब्दावर ती एक कोटीची बोली लावते. म्हणून कायदा विम्याला साध्या खरेदी-विक्रीसारखं धरत नाही, परम सद्भावाचा करार मानतो. 1766 मध्ये इंग्लंडमध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी सुमात्रातल्या एका किल्ल्याच्या विम्याच्या खटल्यात हे सूत्र मांडलं आणि आपली न्यायालयंही तेच धरून चालतात. हे बंधन दोन्ही बाजूंना आहे. कंपनीनंही अटी लपवायच्या नसतात. पण क्लेमच्या वेळी उलटतपासणी आपलीच होते.

आता समजा या बत्तीस महिन्यांत काही झालं. (वाईट वाटून घेऊ नका, टर्म प्लॅनचा विचार असाच करावा लागतो.) पॉलिसी लवकर क्लेमला आली की कंपनी तपासनीस पाठवते. त्याला फार शोधावं लागत नाही. मी अशी एक फाईल जवळून पाहिली आहे. रात्री दीड वाजता नवऱ्याला कॅज्युअल्टीत आणल्यावर ड्यूटीवरच्या डॉक्टरनं बायकोला विचारलं, काही आजार, काही सवय? तिनं खरं सांगितलं, कारण त्या क्षणी तिला नवरा वाचवायचा होता. केसपेपरवर दोन ओळी उमटल्या : बीपी चार वर्षांपासून, गोळी चालू, तंबाखू, पंधरा वर्षं. माणूस वाचला नाही. पुढं क्लेम फेटाळल्याच्या पत्रात त्याच दोन ओळी अवतरणात होत्या, आणि माहिती देणारी म्हणून पत्नीचा उल्लेख. तुमच्या घरीही असं झालं तर वहिनी खोटं बोलणार नाहीत आणि बोलूही नये.

तीन वर्षांच्या आत कंपनीला दोन वाटा असतात. एक, ‘महत्त्वाची माहिती लपवली’ म्हणून पॉलिसी रद्द करायची. तेव्हा तोवर भरलेले हप्ते 90 दिवसांत परत द्यावे लागतात. तुमच्या बाबतीत आजच्या तारखेला दोन हप्ते, 32,400 रुपये. दुसरी वाट फसवणुकीची. तिथं हप्ते परत करण्याचं हे बंधन नाही, आणि विमाधारक हयात नसेल तर फसवणूक नव्हती हे सिद्ध करायचा भार वारसांवर येतो. तुमच्या डोक्यात काय होतं, हे तुमच्या माघारी वहिनींनी सिद्ध करायचं.

कायदा अगदीच एका बाजूला झुकलेला नाही, हेही सांगतो. माहिती लपवल्याचा मुद्दा टिकवायचा तर ती गोष्ट कळली असती तर पॉलिसी दिलीच नसती, हे कंपनीनं दाखवायला हवं. आटोक्यातल्या बीपीला कंपन्या पॉलिसी देतात, फक्त हप्ता चढवतात, त्यामुळे वकिलाला भांडायला जागा आहे. 2015 मध्ये सुप्रीम कोर्टानं कंबरेच्या मणक्याचा त्रास न सांगितलेल्या, पण हृदयविकारानं गेलेल्या माणसाच्या वारसांना क्लेम मिळवून दिला होता. पण 2009 च्या निकालात त्याच कोर्टानं म्हटलंय की फॉर्ममध्ये प्रश्न विचारला असेल तर त्याचं खरं उत्तर द्यायलाच हवं, ते महत्त्वाचं की नाही हे ठरवणं ग्राहकाचं काम नाही. बीपी आणि हृदय, तंबाखू आणि हृदय हे नातं मणक्याइतकं लांबचं नाही. पुण्याच्या विमा लोकपालांकडं दाद मागणं फुकट आहे, पण तिथं मर्यादा 50 लाखांची, तुमचं कव्हर एक कोटीचं. म्हणजे ग्राहक आयोग आणि पुढची अपिलं. तोवर 28 लाखांच्या कर्जाचा हप्ता कोण भरणार?

साडूंबद्दल. पॉलिसी विकणारा हा करार होताना कंपनीचा प्रतिनिधी धरला जातो, असं हेच कलम म्हणतं. पण त्याचा उपयोग ‘मी एजंटला सगळं सांगितलं होतं’ हे शाबीत झालं तरच. साडू तसं लिहून देतील? दिलं तर त्यांची एजन्सी जाईल. शिवाय पॉलिसी देण्याआधी कंपनीच्या डॉक्टरचा फोन आला असेल तर तो रेकॉर्ड झालेला असतो, आणि त्यावर ‘नाही’ म्हणणारा आवाज तुमचा आहे.

माझं मत सरळ आहे : गप्प बसू नका. पण उद्या सकाळी उठून जुन्या कंपनीला पत्रही धाडू नका. तिनं पॉलिसी रद्द केली तर तुम्ही एकदम उघड्यावर याल, आणि ‘पूर्वी कुठली पॉलिसी नाकारली किंवा रद्द झाली का’ या प्रश्नाला नव्या कंपनीकडं ‘हो’ लिहावं लागेल.

तुमचा पुढचा हप्ता मार्च 2026 ला आहे, हाताशी चार महिने आहेत. पहिल्यांदा फॅमिली डॉक्टरकडून गोळीचं नाव, कधीपासून चालू आणि सध्याचं बीपी हे लेटरहेडवर लिहून घ्या. मग दुसऱ्या कंपनीत नवा अर्ज करा आणि त्यात सगळं खरं लिहा. तंबाखूच्या रकान्यात बहुतेक जण सिगारेट नाही म्हणून ‘नाही’ करतात. मावा हा तंबाखूच, रोज किती पुड्या तेही लिहा. लघवीच्या तपासणीत तंबाखूतल्या निकोटिनपासून शरीरात बनणारं कोटिनिन सापडतं, तिथं सिगारेट आणि माव्यात भेद होत नाही. चालू असलेली एक कोटीची पॉलिसीही लिहा, ती विसरू नका. आधीची पॉलिसी दडवली म्हणून क्लेम फेटाळणं योग्य ठरवणारा निकाल सुप्रीम कोर्टानं 2019 मध्ये दिलाय.

वय 39, मावा आणि बीपी धरून 65 पर्यंतच्या कव्हरला हप्ता 29,000 च्या आसपास येईल असा माझा अंदाज. नक्की आकडा तपासणीनंतरच कळेल. म्हणजे वर्षाला 12,800 जास्त, सव्वीस वर्षांत सव्वातीन लाखांच्या थोडं वर. साडूंनी वाचवून दिले ते एवढे पैसे. जड वाटत असेल तर कव्हर 80 लाख करा. कर्ज फिटून 52 लाख उरतात, आणि ते खरोखर मिळतात. मावा सुटला तर फॉर्ममध्ये जितका काळ विचारलाय तितका जाऊ द्या, मग दर कमी होतो का ते कंपनीला विचारा. आधीपासून ‘सोडला’ लिहू नका.

नवी पॉलिसी हातात पडली की जुनीचा मार्चचा हप्ता भरू नका, ती आपोआप बंद होईल. 32,400 गेले असं समजायचं. नव्या पॉलिसीची तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतील, पण लपवलेलं काहीच नसेल तर त्या घड्याळाकडं बघायची गरज नाही.

नव्या कंपनीनं नाकारलं तर मामला अवघड आहे. तेव्हा मात्र जुन्या कंपनीला डॉक्टरच्या कागदासह लेखी कळवा. ती तेच कव्हर जादा हप्त्यावर चालू ठेवेल किंवा रद्द करेल. रद्द झालंच तर तुम्ही हयात असताना होईल, कर्ज आणि बचत नव्यानं मांडायला वेळ मिळेल.

घरच्या मेडिक्लेमचा फॉर्मही साडूंनीच भरला असेल तर तोही काढून बघा. तिथं सलग पाच वर्षांनी कंपनीला मागचं उकरता येत नाही, पण फसवणूक सिद्ध झाली तर तेही संरक्षण जातं. आयुर्विम्याची तीन वर्षांची सवलत तिथं लावू नका.

नव्या पॉलिसीच्या बाँडसोबत तुमच्याच अर्जाची प्रत येते. ती आली की 30 दिवसांचा फ्री-लूक, म्हणजे पॉलिसी परत करायची मुभा असलेला काळ, चालू असतानाच तंबाखू, औषधं आणि आधीच्या पॉलिसी ही तीन पानं वहिनींना वाचायला द्या. काही चुकीचं सापडलं तर त्याच मुदतीत ईमेलनं दुरुस्ती मागा आणि कंपनीचं उत्तर बाँडलाच टाचून ठेवा.