दुकानात चिकटवलेला क्यूआर आणि प्रत्येक बिलासाठी पडद्यावर येणारा क्यूआर यांत नेमका फरक काय?

काउंटरवर चिकटवलेल्या क्यूआरमध्ये मुख्यतः दुकानदाराचा यूपीआय पत्ता (`pa`) आणि नाव (`pn`) एवढेच असते; त्यामुळे रक्कम ग्राहकाला स्वतः टाकावी लागते, आणि ३४० ऐवजी चुकून ३४ टाकले तरी व्यवहार बिनबोभाट पूर्ण होतो. बिलासाठी तयार होणाऱ्या क्यूआरमध्ये रक्कम (`am=340.00`) आणि त्या बिलाचा संदर्भ क्रमांक (`tr`) यांची भर पडते, म्हणून रक्कम आपोआप येते आणि जमा झालेले पैसे नेमक्या त्याच बिलाशी जोडता येतात. एकाच वेळी दोघांनी ३४० रुपये भरले, तर चिकटवलेल्या क्यूआरवर कोणाचे आले हे दुकानदाराला ग्राहकाचे नाव किंवा व्यवहार क्रमांक विचारून ठरवावे लागते. शिवाय त्यावर कोणी स्वतःचा क्यूआर डकवून जाऊ शकतो (असे प्रकार घडलेले आहेत), तेव्हा पिन टाकण्यापूर्वी मोबाइलच्या पडद्यावरचे नाव वाचावे.