गालिचा केवढा घ्यावा?

सोफ्याचे चारही पाय गालिच्यावर यायलाच हवेत का?

नाही, पुढचे दोन पुरतात.

सोबत फोटो पाठवला आहे. सोफा सात फुटी, टेबल चार बाय दोन, समोर दोन खुर्च्या. दुकानदार म्हणतो पाच बाय आठ भरपूर होईल. घेऊ का?

घेऊ नका. गालिच्याची लांब बाजू सोफ्याला समांतर ठेवायची असते. आठ फूट घेतलात तर दोन्हीकडे सहा-सहा इंच बाहेर राहील, तेवढं चालून जाईल. खरी अडचण रुंदीची आहे. सोफ्याच्या पुढच्या कडेपासून दहा इंच आत सरकवला की पाय नीट बसतात. मग टेबलापर्यंत सोळा इंच जागा, गुडघे अडकू नयेत म्हणून. मग टेबलाचे चोवीस. झाले पन्नास इंच. पाच फुटांतले उरले दहा, म्हणजे तुमच्या खुर्च्या पूर्णपणे उघड्या फरशीवर. सहा बाय नऊ घेतला तर टेबलापलीकडे बावीस इंच मिळतात: सोळा मोकळे आणि सहा खुर्चीखाली. पुढचे पाय आत येतात की नाही हे मात्र तुमच्या खुर्चीवर मोजून पाहा. ते बरेच मागे असतील तर त्याहून मोठा लागेल.

आणि फोटोवरून माप ठरवणं कृपया थांबवा. तुमचा फोटो 0.5x वर काढलेला दिसतो. त्यात कॅमेऱ्याजवळची फरशी ताणली जाते आणि पलीकडचा सोफा आक्रसतो, म्हणून लहान गालिचाही पुरेसा वाटतो. विक्रीच्या पानावर तर अनेकदा सगळ्या मापांना एकच फोटो लावतात! त्यातला गालिचा कोणत्या मापाचा हे ओळखता येतं. तीन जणांचा सोफा साधारण सात फुटी असतो. त्याच्या दोन्ही टोकांना हातभर गालिचा दिसत असेल, तर तो आठ फुटी नाही. मास्किंग टेपने फरशीवर नेमका आयत आखा, दोन दिवस त्यावरून वावरा आणि मापं मला किंवा जवळच्या इंटिरिअर डिझायनरला दाखवूनच ऑर्डर द्या. परत पाठवताना फार मनस्ताप होतो.

आधीच घेतलेला चार बाय सहा फक्त टेबलाखाली टाकला तर?

बेटासारखा एकटा पडेल. सोफ्याजवळ सरकवून टेबलाचे दोन पाय बाहेर ठेवू नका, टेबल डुगडुगतं. तो पलंगाशेजारी वापरा.

दार गालिच्याला घासतं. कापून घेऊ का?

स्वतः कापू नका, विणलेला असेल तर कडा उसवतात. आधी दाराखालची फट मोजा. गालिचा आणि खालची मॅट मिळून जाडी त्याहून कमी हवी. नसेल तर गालिचा दाराच्या फेऱ्याबाहेर सरकवा. तेही जमत नसेल, तर कडा शिवून देणाऱ्या कारागिराला दाखवा.

गुळगुळीत फरशीवर गालिचा सरकतो आणि घरात आजी आहेत.

आजच खाली न घसरणारी मॅट घाला, गालिच्यापेक्षा चारही बाजूंनी इंचभर लहान. कोपरे वर येत असतील तर तिथे दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा, पण फरशीला ती चालते का हे विचारून. तोवर गालिचा गुंडाळून ठेवा.