मोबाइलवर डोळे तपासताय? आधी अंतर मोजा

दादा, बाबांची नजर मोबाइलच्या अ‍ॅपने घरी तपासावी का, असं विचारलंत. हरकत नाही, पण मोबाइल आणि डोळ्यांमधलं अंतर टेपनेच मोजा. अ‍ॅपने तीन मीटर सांगितलं असेल, तर 6/6 च्या, म्हणजे सामान्य नजरेच्या ओळीचं अक्षर साधारण 4.4 मिलिमीटर उंच हवं; स्क्रीनवर पट्टी लावून बघा. बाबा चुकून दीड मीटरवर बसले, तर तेच अक्षर दुप्पट मोठं दिसतं. म्हणजे अ‍ॅप 6/6 दाखवेल, खरी नजर मात्र 6/12, म्हणजे त्याच्या निम्मी असू शकेल. नवशिक्यांची फसगत बहुतेक इथेच होते.

बाकी थोडक्यात:
- ब्राइटनेस पूर्ण ठेवा. सोलापूरच्या उन्हात अंगणात बसू नका, स्क्रीन चमकते.
- एकेक डोळा तपासा. दुसरा तळहाताने झाका, बोटांच्या फटीतून दिसतं. लांबचा चष्मा असेल तर तो घालूनच.

नीट केलेल्या चाचणीचा निकाल दवाखान्यातल्या तक्त्याच्या बराच जवळ येतो. पण ती फक्त अक्षर दिसतं का, एवढंच सांगते. का दिसत नाही, ते नाही.

बाबांना मधुमेह आहे म्हणालात, म्हणून सांगतो. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या कडेला रक्तस्राव सुरू झाला तरी मधली नजर 6/6 राहू शकते. काचबिंदूतही तसंच. त्यासाठी थेंब घालून बाहुली मोठी करून पडदा बघावा लागतो, डोळ्याचा दाब मोजावा लागतो. घरचा निकाल कितीही चांगला येवो, वर्षातून एकदा ही तपासणी कराच. थेंबांनंतर काही तास अंधूक दिसतं, तेव्हा गाडी तुम्हीच चालवा.