प्रेग्नन्सी कळायच्या आधी लावलेलं क्रीम

"मॅडम, मला सहाव्या आठवड्यात कळलं, तोपर्यंत मी रोज रात्री पिंपल्सचं अडापेलीन जेल लावत होते. बाळाला काही झालं असेल का? आता मी एक्झिमाचं क्रीमपण बंद केलंय, काहीच लावत नाही."

शब्द थोडे बदलतात, पण हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय की आता पहिल्या अर्ध्या वाक्यातच ओळखते. तिला अनघा म्हणू. ती आली तेव्हा दोन्ही हात ओढणीखाली होते, बाहेर काढले तर बोटांच्या पेरांवर उभ्या भेगा, मनगटाजवळ खाजवून ओली झालेली कातडी. रात्री झोप दोन-तीन तास. आणि ती बोलत होती फक्त चेहऱ्याच्या जेलबद्दल, हातांबद्दल एक शब्द नाही.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी तिला सगळ्या ट्यूब आणि गोळ्यांचे फोटो घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं आणि ते काय म्हणाले ते पुढच्या वेळी आम्ही दोघींनी शांतपणे उलगडलं. अडापेलीन ज्या औषधांच्या घराण्यातलं, त्याच घराण्यातली आयसोट्रेटिनॉइनची गोळी गरोदरपणात खरंच घातक आहे, तिच्यामुळे बाळाच्या मेंदूत, हृदयात, चेहऱ्यात गंभीर दोष येऊ शकतात. तिने नेटवर जे वाचलं होतं ते या गोळीबद्दलचं होतं. जेल त्वचेवर राहतं, रक्तात अगदी नगण्य जातं, आणि नकळत सुरुवातीच्या आठवड्यांत वापरलेल्या बायकांमध्ये जन्मदोष वाढल्याचं आजवर दिसलेलं नाही. तरी पूर्ण खात्री देण्याइतका पुरावा नाही, म्हणून कळल्याक्षणी थांबवायचं, आणि ते तिने केलंच होतं. बदली म्हणून डॉक्टरांनी अझेलाइक ॲसिड दिलं, ते चालतं.

"म्हणजे मी चूक केली नाही?"

"कळल्यावर एक दिवस तरी लावलंत का?"

"नाही."

"मग हातांना शिक्षा कशाची?"

ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग हळूच म्हणाली, "मला वाटलं, आता तरी मी सहन करायला हवं." मला वाटतं सगळं इथेच सुटलं. विचार सापडला की भावना सैल होते हे माझं जुनं मत आहे, आणि इतक्या वर्षांनंतरही असा क्षण आला की मला मनापासून बरं वाटतं. तिचं क्रीम बंद करणं ही काळजी नव्हती, ते प्रायश्चित्त होतं.

मग आम्ही तिच्या एक्झिमाच्या स्टिरॉइड क्रीमचा हिशोब केला. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत क्रीमची एक रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, हाताच्या एका पंजाच्या दोन्ही बाजूंना तेवढं पुरतं. दोन्ही पंजांना एक ग्रॅम, दिवसातून एकदा, दोन आठवडे, म्हणजे 14 ग्रॅम. बाळाचं वजन कमी असण्याशी जो संबंध अभ्यासांत दिसला तो तीव्र आणि अतितीव्र स्टिरॉइड क्रीमचा, तोही पूर्ण गरोदरपणात 300 ग्रॅमपेक्षा जास्त वापरलं तेव्हाचा. तिचं क्रीम मध्यम ताकदीचं. तिने स्वतःच्या बोटावर रेघ काढून बघितली आणि म्हणाली, "एवढंच?"

इथे एक गोष्ट नीट बघा: स्टिरॉइड क्रीममध्ये क्लोबेटासोन मध्यम आहे आणि क्लोबेटासॉल अतितीव्र, नावाचा शेवट फक्त वेगळा. ट्यूबवरचं नाव वाचूनच घ्या. आणि पोट, मांड्या, छातीवर तीव्र स्टिरॉइड लावू नका, तिथे आधीच त्वचा ताणलेली असते, स्ट्रेच मार्क्स वाढतात. साधं मॉइश्चरायझर मात्र कितीही वेळा लावा. जखमेवर पिवळसर खपली धरली किंवा ताप आला तर मात्र थांबू नका, इन्फेक्शन असू शकतं.

सोरायसिसवाल्यांसाठी प्रश्न उलटा पडतो. तिथे भीती क्रीमपेक्षा गोळीची हवी आणि तीही आधीपासून. असिट्रेटिन शेवटची घेतल्यावर तीन वर्षं गर्भधारणा टाळायला सांगतात, कारण ते शरीरात रेंगाळतं. मेथोट्रेक्सेट बाळ ठरवायच्या काही महिने आधी डॉक्टरांना विचारून थांबवायचं. यापैकी काही चालू असताना दिवस राहिले तर अपराधीपणात आठवडा घालवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, ते सोनोग्राफी कधी आणि काय बघायची ते ठरवतात. लाइट थेरपी, म्हणजे नॅरोबँड यूव्हीबी, गरोदरपणात चालते, फक्त ती घेताना फॉलिक ॲसिड चुकवू नका कारण त्या किरणांनी फोलेट कमी होऊ शकतं.

अनघा तीन आठवड्यांनी आली तेव्हा ओढणी खांद्यावर होती. भेगा बुजल्या होत्या. "रात्री सहा तास झोपले," म्हणाली, आणि लगेच पर्समधून नवी ट्यूब काढून मला नावातलं शेवटचं अक्षर बोट ठेवून दाखवलं.