पाणी आले नाही, एवढेच मशीनला कळते

प्रश्न : माझी आई फोंड्याजवळ एकटी राहते. तिचे वय ७४ आहे आणि मी टोरांटोला असतो. तिची समोरून दार उघडणारी वॉशिंग मशीन गेले काही आठवडे मधूनच थांबते आणि पडद्यावर पाणी न आल्याचा कोड दाखवते. मी पुस्तिकेतील सर्व कोड आणि त्यांवरील उपाय मराठीत लिहून तिला तीन पाने पाठवली, तरी ती म्हणते, ‘अरे बाबा, यातले मला काही कळत नाही.’ माझे काय चुकले?

उत्तर : आपण पाठवलेली तीन पाने मी वाचली. त्यांतील एक ओळ अशी आहे : ‘जलप्रवेश त्रुटी. पुरवठा नळ पुरेसे उघडले असल्याची खात्री करा. प्रवेशनलिका मुडपलेली नाही हे तपासा. प्रवेश झडपेचे गाळणे स्वच्छ करा.’ व्याकरणदृष्ट्या यात काहीही चूक नाही. अडचण एवढीच की आपल्या आईंच्या न्हाणीत ‘प्रवेशनलिका’ नावाची वस्तू नाही. तेथे एक ‘पाणी येणारी नळी’ आहे, एक ‘पाणी जाणारी नळी’ आहे आणि भिंतीवर ‘मशीनचा कॉक’ आहे. म्हणून भाषांतराला बसण्यापूर्वी फोन करून आईंना एकच विचारावे, की मशीनच्या मागच्या वस्तूंना त्या काय म्हणतात. त्या जे शब्द सांगतील, तेच कागदावर यावेत.

दुसरी गोष्ट, सर्व कोडांचे भाषांतर करू नये. घरात एकट्या असलेल्या व्यक्तीला स्वतः काही करता येईल असे प्रसंग मोजके असतात : पाणी आले नाही, पाणी गेले नाही, दार नीट लागले नाही, कपडे एका बाजूला गोळा झाले. बाकी सर्व कोडांसाठी ‘भिंतीवरचा स्विच बंद करा आणि मला फोन करा’ ही एक ओळ पुरते. आपला प्रश्न पहिल्या प्रसंगाचा आहे, म्हणून मी तेवढ्याचेच बोलतो.

कोड स्वतः मात्र भाषांतरित करू नये, आणि येथे आपल्या पानांत एक खरी चूक आहे. पाणी न आल्याचा कोड काही कंपन्यांच्या मशीनवर IE असतो, काहींच्या 4E किंवा 4C असतो. आपण मराठीत लिहिताना सवयीने देवनागरी आकडे वापरून ‘४C’ असे लिहिले आहे. देवनागरीतला चार हा पडद्यावरच्या इंग्रजी आठासारखा दिसतो, तेव्हा पडद्यावर 4C असताना आई कागदावर ‘आठ सी’ शोधत बसतील आणि त्यांना तो मिळणार नाही. शिवाय पडद्यावरची अक्षरे सरळ रेघांच्या तुकड्यांनी बनलेली असतात. त्यामुळे I आणि 1, O आणि 0, S आणि 5 यांत डोळ्यांना फरक दिसत नाही. कोड पडद्यावर दिसतो तसाच, जाड पेनाने, अंगठ्याएवढा मोठा काढून द्यावा आणि त्याच्याखाली ‘एक उभी काठी, मग ई’ असे आकाराचे वर्णन लिहावे. फोनवर विचारतानाही ‘कोणता एरर आला?’ असे न विचारता ‘पहिला आकार कसा दिसतो?’ असे विचारावे.

आता या कोडाचा अर्थ. मशीनला नळात पाणी आहे की नाही हे दिसत नाही. तिला कळते ते फक्त पिंपातील पाण्याची पातळी. पाणी घेण्याचा झडपेचा मार्ग उघडल्यावर ठरलेल्या वेळात ही पातळी चढली नाही, की ती थांबते आणि कोड दाखवते. म्हणजे कोड कारण सांगत नाही, परिणाम सांगतो. ‘जलप्रवेश त्रुटी’ या शब्दांमुळे मशीन बिघडली असे वाटते. त्याऐवजी ‘मशीन पाण्याची वाट पाहून थांबली’ असे लिहावे. पुढच्या सर्व पायऱ्या या एका वाक्यातून आपोआप निघतात, कारण पाणी न चढण्याचे कारण नळापासून पिंपापर्यंतच्या वाटेवर कोठेही असू शकते, आणि ती वाट नळाकडून चालायची असते.

पहिली पायरी म्हणून मी असे लिहीन : ‘न्हाणीतला दुसरा नळ पूर्ण उघडून बघ. पाणी येत नसेल तर मशीन ठीक आहे. तिचे बटण बंद कर आणि पाणी आल्यावर पुन्हा लाव.’ ही पायरी क्षुल्लक वाटेल, परंतु फोंडा आणि तिसवाडी या दोन्ही तालुक्यांना ओपा येथील प्रकल्पातून पाणी मिळते, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये खांडेपारजवळ मुख्य जलवाहिन्या फुटल्या तेव्हा या भागाने कित्येक दिवस कोरडे नळ पाहिले आहेत. दुसरी पायरी मशीनच्या कॉकची. त्याची दांडी नळीच्या रेषेत असेल तर कॉक उघडा, आडवी असेल तर बंद. पुस्तिकेतल्या ‘पुरेसे उघडले आहे’ यापेक्षा दांडीची दिशा डोळ्यांना लगेच दिसते.

तिसरी पायरी बादलीची आहे आणि ती पुस्तिकेत क्वचितच असते. शेजारच्या नळाखाली १० लिटरची बादली ठेवून नळ पूर्ण उघडावा आणि भरेपर्यंत किती वेळ लागतो ते घड्याळात बघावे. काही कंपन्या मिनिटाला किमान ८ लिटर पाणी मागतात, म्हणजे बादली साधारण सव्वा मिनिटात भरायला हवी. शेजारचा नळ म्हणजे मशीनचा कॉक नव्हे, तेव्हा ही चाचणी ढोबळ आहे, पण एकाच टाकीवरच्या नळांबद्दल ती पुरेसे सांगते. गोव्यातील एकमजली घरांत अनेकदा टाकी छपरावर आणि मशीन तळाशी असते. पाण्याच्या १० मीटर उंचीने सुमारे १ बार दाब मिळतो. टाकीतील पाणी मशीनपेक्षा ३ मीटरच उंच असेल तर दाब ०.३ बारच्या आसपास राहतो, आणि बऱ्याच पुस्तिका किमान ०.५ किंवा १ बार मागतात. अशा घरात सर्व काही स्वच्छ असूनही कोड येत राहतो, आणि तेथे दोष मशीनचा नसून टाकीच्या उंचीचा असतो. त्यावर उपाय दाब वाढवणारा लहान पंप हाच आहे, आणि तो प्लंबरने बसवायचा आहे.

बादली लवकर भरली आणि तरीही कोड आला, तर बहुधा नळीच्या मशीनकडील टोकाला असलेली बारीक जाळी बुजलेली असते. पावसाळ्यात गढूळ पाणी आल्यावर किंवा नळाला बरेच दिवसांनी पाणी आल्यावर तांबड्या मातीचा गाळ तेथे बसतो. जाळी काढणे कठीण नाही : स्विच आणि कॉक बंद करायचा, नळी हाताने फिरवून सोडायची, जाळी पकडीने हळूच ओढून जुन्या टूथब्रशने नळाखाली धुवायची आणि परत बसवायची. पण त्यासाठी मशीन भिंतीपासून पुढे ओढावी लागते, आणि समोरून उघडणारी मशीन साधारण ६० किलोंची असते. त्यामुळे ७४ वर्षांच्या आईंच्या कागदावर ही पायरी लिहूच नये. तेथे लिहावे : ‘मशीन हलवू नकोस. प्लंबरला बोलव आणि त्याला सांग, की पाणी येणाऱ्या नळीच्या तोंडाची जाळी साफ करायची आहे.’ प्लंबरला सांगायचे वाक्य तयार लिहून देणे हाच या कागदाचा सर्वांत उपयोगी भाग ठरतो, असे माझे मत आहे. जाळीचा उल्लेख झाला नाही, तर मोटार बदलण्यापर्यंत गोष्टी जातात.

आपल्याला मी या पायऱ्या कळवल्यावर आपण आईंना फोन करून त्या करून घेतल्यात, आणि आपले दुसरे पत्र मला उपयोगी वाटले. नळाला पाणी होते, दांडी नळीच्या रेषेत होती, बादली ५० सेकंदांत भरली, प्लंबरने जाळी साफ केली आणि दोन दिवसांनी कोड पुन्हा आला. मग मी आपल्याला एक प्रश्न पाठवला : मशीन पाणी भरत असताना न्हाणीत कोठे पाणी वाहताना ऐकू येते का? आईंनी सांगितले की हो, खालच्या भोकाजवळ सतत पाणी वाहत असते.

येथे वाट शेवटच्या टोकापर्यंत चालावी लागते. पाणी जाणाऱ्या नळीचे तोंड पिंपातील पाण्यापेक्षा खाली असेल, तर मशीनने घेतलेले पाणी त्याच वेळी आपोआप बाहेर निघून जाते, पातळी चढत नाही, आणि मशीन इमानदारीने ‘पाणी आले नाही’ असे सांगते. बहुतेक पुस्तिकांत या नळीचा उंच भाग जमिनीपासून सुमारे ६० ते १०० सेंटिमीटर असावा असे म्हटलेले असते, आणि त्यासाठी ती मशीनच्या मागील पकडीत अडकवलेली असते. आपल्या घरी न्हाणीत फरशी बसवताना गवंड्याने मशीन सरकवली होती, तेव्हा नळी पकडीतून सुटली आणि जमिनीवर पडून राहिली. कोड सुरू झाला तोही त्याच सुमारास, हे आपण पत्राच्या शेवटच्या ओळीत लिहिले होते.

त्यामुळे कागदावर शेवटची पायरी अशी घालावी : ‘मशीन पाणी घेताना खाली पाणी वाहताना ऐकू आले, तर बटण बंद कर आणि प्लंबरला सांग, की पाणी जाणारी नळी वर अडकवायची आहे.’ दोन नळ्या ओळखता याव्यात म्हणून येणारीला एका रंगाची आणि जाणारीला दुसऱ्या रंगाची चिंधी बांधून घ्यावी, आणि कागदावरही तेच रंग लिहावेत. हे काम प्लंबर मशीन पुढे ओढेल त्याच दिवशी करून घ्यावे.

कागदाच्या वरच्या बाजूला वेगळ्या रंगात एक वाक्य असू द्या : जळका वास आला, मशीनला हात लावताच झिणझिण्या आल्या किंवा जमिनीवर पाणी साचले, तर कोड वाचू नये आणि मशीनजवळ जाऊ नये. कोरड्या जागेवरून पोहोचता येत असेल तर मेन स्विच बंद करावा, नसेल तर शेजाऱ्यांना हाक मारावी. आईंना आपल्याशी बोलायचे असेल, तर त्यांच्या सकाळच्या ९ वाजता आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेअकरा असतात. म्हणून कपडे सकाळीच लावावेत असे त्यांना सांगावे. दुपारी कोड आला तर फोन उचलायला आपण जागे नसाल, आणि तेव्हा त्यांच्याजवळ तो कागदच असेल.