न्यूरॉलॉजिस्टकडे नेताना लक्षणं कशी लिहावीत?

प्रश्न: आईचा तोल जातोय, विसरभोळेपणाही वाढलाय. पुढच्या आठवड्यात न्यूरॉलॉजिस्टकडे नेतेय. काय लिहून न्यावं?

एकच पान न्या, आणि त्यावर आधी काय सुरू झालं, मग काय, हा क्रम लिहा. माझ्या बाबांच्या वेळी डॉक्टर त्या क्रमापाशीच थांबले.

तारखा आठवेनात, म्हणून मी सण धरून मागे गेले. गणपतीत बाबा आरतीला पाय फाकवून उभे राहत होते. दिवाळीपर्यंत वळायला सहा-सात बारीक पावलं लागू लागली, पाय फरशीला चिकटल्यासारखे. संक्रांतीनंतर गॅस चालू राहणं, एकच गोळी दोनदा घेणं सुरू झालं. तोवर मी सगळ्यांना फक्त "बाबा विसरतात" एवढंच सांगत होते. कागदावर मात्र चाल चार महिने आधी बिघडलेली दिसली. अल्झायमरमध्ये सहसा आधी स्मरण जातं, चाल पुष्कळ नंतर.

तिसरी ओळ भावामुळे आली. बाबा पहाटे उठून स्वतःचा पायजमा धुवायला लागले होते. लघवी आवरत नव्हती आणि लाजेपोटी ते बोलले नव्हते. आईला हे एकटीत, हळूच विचारा.

चाल, लघवी, स्मरण हे तिन्ही एकत्र आल्यामुळे डॉक्टरांना मेंदूतलं पाणी वाढल्याची शंका आली. नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस म्हणतात त्याला. एमआरआयमध्ये मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या फुगलेल्या दिसल्या. मग मेंदू-मणक्याभोवतीचं तेच पाणी कमरेतून सुमारे ४० मिली काढलं आणि त्याआधी व नंतर बाबांना चालवून वेळ मोजली. चाल स्पष्ट सुधारली, म्हणून जादा पाणी वाहून नेणारी बारीक नळी, म्हणजे शंट, बसवला. आता ते जिन्यावरून उतरतात. विसरणं तेवढं कमी झालं नाही.

तुमच्या आईचं कारण वेगळं असू शकतं, म्हणून दोन नोंदी नक्की करा. एक, पडल्याची तारीख आणि डोक्याला लागलं होतं का. म्हाताऱ्या माणसात कवटीखाली हळूहळू रक्त साठून काही आठवड्यांनी लक्षणं दिसतात, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जास्तच. दुसरी, कोणती गोळी कधी सुरू झाली. झोपेच्या, ॲलर्जीच्या, लघवीच्या काही गोळ्यांनीही तोल आणि स्मरण दोन्ही बिघडतात.

"चक्कर येते" एवढंच लिहू नका. घर फिरतं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, की डोकं ठीक असून पाय लटपटतात? तिन्हींची कारणं निराळी असतात. सोबत मोबाइलवर आईचा चालतानाचा आणि वळतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या, पावलं दिसतील असा. बाबा दवाखान्यात डॉक्टरांसमोर घरच्यापेक्षा बरे चालले होते.

पडल्यानंतर डोकेदुखी, उलटी किंवा गुंगी वाढली, किंवा अचानक बोबडी वळली, एका बाजूची ताकद गेली, तर पुढच्या आठवड्याची वाट पाहू नका. तेव्हाच मोठ्या रुग्णालयात न्या.